जाहिरातीतली कंपनी आणि रात्री साडेनऊची कंपनी

पत्र

नागपुरात माझी सॉफ्टवेअर कंपनी आहे. आम्ही ४२ जण. त्यातले १४ नागपुरात, आणि त्यांतले आठ-दहा जण आमच्या छोट्या ऑफिसात येऊन बसतात. बाकीचे पुणे, कोल्हापूर, अकोला, भंडारा, इंदूर इथून घरूनच काम करतात. ग्राहक बहुतेक न्यूयॉर्क-बोस्टनकडचे. मागच्या वर्षी ११ जण घेतले, त्यातले पाच जण सहा महिन्यांच्या आत गेले. पगार बाजाराइतकाच आहे. मूल्यांचं पोस्टर केलं, टी-शर्ट पाठवले, दर शुक्रवारी ऑनलाइन गेम्स ठेवतो, पण कॅमेरे बंदच असतात. नोकरदार आपल्या कंपनीबद्दल मतं लिहितात त्या अँबिशनबॉक्स साइटवर कुणीतरी लिहिलंय, ‘नागपूरवाल्यांची कंपनी, बाकीचे भाड्याचे.’ आता एका एजन्सीनं एम्प्लॉयर ब्रँडिंगसाठी, म्हणजे नोकरी देणारी कंपनी म्हणून आमची ओळख उभी करण्यासाठी, साडेसहा लाखांचं कोटेशन दिलंय. माझी पार्टनर म्हणते, त्यापेक्षा सगळ्यांना तीन दिवस पेंचच्या जंगलात नेऊ. पैसे कुठे घालू? आमची भरतीची जाहिरात सोबत जोडली आहे.

एक संस्थापक, नागपूर

उत्तर

नमस्कार,

सध्या दोन्हीकडे नका घालू. एजन्सीला दोन महिने थांबायला सांगा. पेंचचं पुढे बोलू, कारण तुमच्या पार्टनरचं म्हणणं निम्मं बरोबर आहे.

आधी तुमची जाहिरात बघू. ‘डायनॅमिक टीम, कुटुंबासारखं वातावरण, फ्लेक्सिबल वेळ, जागतिक ग्राहक.’ यातला एकही शब्द खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ही जाहिरात शेजारच्या कंपनीच्या नावानं छापली तरी कुणाला फरक कळणार नाही, आणि ‘फ्लेक्सिबल वेळ’ हा शब्द तर तुमच्या अंगावर उलटत असावा, असा माझा अंदाज आहे. का ते सांगतो.

ग्राहक न्यूयॉर्कचे आहेत. तिकडे सकाळी अकराचा कॉल म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. पण हे फक्त मार्च ते नोव्हेंबर. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. तोच कॉल मग साडेनऊला येतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेनऊलाच राहतो. तुमच्याकडे जुन्या माणसांना हे इतकं सवयीचं झालंय की कुणाला सांगावंसंही वाटत नाही. ऑगस्टमध्ये लागलेल्या भंडाऱ्याच्या मुलीला मात्र मुलाखतीत ‘साडेआठचा एक कॉल असतो’ एवढंच सांगितलेलं असतं. नोव्हेंबरात तिचं जेवण, घरातली निजानीज, लहान पोर असेल तर त्याची झोप, सगळं तासाभरानं सरकतं. ऑफिसात बसणाऱ्याला निदान शेजारचा सांगतो, ‘अरे, दरवर्षीचंच आहे, मार्चमध्ये परत मागे येतं.’ तिला सांगायला कुणी नाही. तिच्या दृष्टीनं कंपनीनं शब्द फिरवला.

गेलेल्या पाच जणांच्या राजीनाम्यांच्या तारखा काढा. दोन-तीन जण नोव्हेंबर ते जानेवारीत गेले असतील तर हे कारण आधी तपासा. तसं नसेल तर माझा अंदाज चुकला, पण पद्धत तीच ठेवा: जाहिरातीतला एकेक शब्द घ्यायचा आणि तो नेमका कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला खोटा ठरतो ते शोधायचं.

‘एम्प्लॉयर ब्रँड’ ही कल्पना सायमन बॅरो आणि टिम अँब्लर या दोघांनी १९९६ मध्ये एका लेखात मांडली. नोकरीतून माणसाला जे मिळतं, म्हणजे कामातून मिळणारं, पैशातून मिळणारं आणि मनाला मिळणारं, अशा सगळ्याची त्या कंपनीच्या नावाशी पडलेली गाठ, असा त्यांचा साधारण अर्थ होता. त्यात लोगो कुठे नव्हता. माणसं एका इमारतीत बसत असली की या गाठीचा बराचसा भाग आपोआप पडतो. कोण कुणाशी कसं बोलतं, साहेब चिडले की काय होतं, किती वाजता उठून घरी गेलं तरी चालतं, हे नवा माणूस आठवड्याभरात बघून शिकतो. तुमच्या २८ जणांना बघायला काहीच नाही. त्यांच्यासाठी कंपनी म्हणजे जे लेखी येतं ते, आणि कॉलवर कानावर पडतं ते. म्हणून अशा कंपनीची ओळख घडवायची म्हणजे तिचं लिखाण आधी सुधारायचं. जाहिरात, ऑफरचं पत्र, पहिल्या दोन आठवड्यांच्या सूचना आणि निर्णयांच्या नोंदी एवढे चार कागद पुरे. पोस्टर यात येत नाही.

सुरुवात ऐकण्यापासून करा. साधारण बारा जणांशी बोलायचं: चार नवे, चार जुने, गेलेल्यांपैकी दोघं आणि ऑफर नाकारलेले दोघं. शेवटचे चौघं सगळ्यात कामाचे, आणि त्यांनाच कुणी फोन करत नाही. हे बोलणं तुम्ही करू नका. मालकासमोर माणूस खरं बोलत नाही, आणि गेलेला माणूस तर अनुभवाच्या पत्राची काळजी करत बसतो. बाहेरचं कुणी किंवा ज्याच्या हातात कुणाची पगारवाढ नाही असं कुणीतरी बोलू दे. ‘आपलं कल्चर कसं वाटतं?’ हा प्रश्न टाळायचा. त्याला ‘छान आहे’ याखेरीज उत्तर नाही. घटना विचारायच्या. मागच्या महिन्यात असं काय झालं की इथे आलो ते बरं केलं असं वाटलं? कुठली गोष्ट तुम्हाला सगळ्यांच्या शेवटी कळली, आणि कुणाकडून? इथे ये म्हणून कुठल्या मित्राला सांगाल आणि कुठल्या मित्राला मुळीच सांगणार नाही? हा शेवटचा प्रश्न गमतीदार आहे. त्याच्या उत्तरात कंपनीची चांगली आणि वाईट बाजू एकाच वाक्यात बाहेर येते. ‘ज्याला रोज कुणी सांगायला लागतं त्याला नाही सांगणार’ असं कुणी म्हणालं, तर जाहिरातीचं पहिलं वाक्य तुम्हाला मिळालं.

उत्तरं माणसांच्या शब्दांतच लिहून घ्या, गोड करू नका. मग ती पोस्टरशेजारी ठेवा. संघटनांच्या संस्कृतीवर आयुष्यभर काम केलेले एडगर शाइन तीन थर वेगळे करायला सांगत: डोळ्यांना दिसतं ते, आपण म्हणतो ते, आणि कुणी बोलून न दाखवता सगळे गृहीत धरतात ते. तुमचे टी-शर्ट पहिल्या थरात, पोस्टर दुसऱ्या थरात. ‘महत्त्वाचं बोलणं ऑफिसातच होतं’ हा तिसरा थर. अँबिशनबॉक्सवरच्या माणसानं नेमका तोच लिहिलाय, आणि कडवट असला तरी तो तुम्हाला आलेला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे.

आता जाहिरात नव्यानं कशी लिहायची ते एकाच मुद्द्यावर करून दाखवतो. ‘फ्लेक्सिबल वेळ’ खोडा. त्या जागी असं काहीतरी:

‘आमचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. आठवड्यातून तीन रात्री कॉल असतो: मार्च ते नोव्हेंबर साडेआठला, नोव्हेंबर ते मार्च साडेनऊला. कॉल पाऊण तासाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत कुणी तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. दुपारी दोन ते पाच सगळे सापडतील असं बघतो, बाकीचा दिवस तुमचा. रात्रीचे कॉल जमणार नसतील तर हे काम तुमच्यासाठी नाही. ते मुलाखतीआधीच सांगितलंत तर आम्हाला बरं वाटेल.’

यात जे मिळतं ते आहे आणि त्याची किंमतही आहे. किंमत लिहिली की मिळणाऱ्या गोष्टीवर विश्वास बसतो. सकाळी अकरापर्यंत मोकळं असणं ही मुलांना शाळेत सोडणाऱ्यांसाठी, सकाळी शेतावर चक्कर टाकणाऱ्यांसाठी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या बायकोला स्वयंपाकघरातून मोकळं करू पाहणाऱ्या नवऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे. तुम्ही ती ‘फ्लेक्सिबल’ या शब्दाखाली पुरून ठेवली होती. फक्त एक अट आहे: सकाळी नऊला मेसेज टाकून दहाला ‘बघितलं का?’ विचारणारे तुम्ही स्वतः नसावेत. असाल तर हे वाक्य छापू नका.

अशी जाहिरात दिल्यावर अर्ज कमी येतील. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. फक्त कमी होण्याचे दोन प्रकार आहेत. अर्ज कमी आले, पण शेवटच्या फेरीपर्यंत टिकणारे आणि ऑफर घेणारे तेवढेच राहिले किंवा वाढले, तर चाळणी नीट लागली. अर्जही कमी आणि ऑफर नाकारणारेही तेवढेच, तर अडचण जाहिरातीत नाही, बहुधा पैशात किंवा कामातच आहे, आणि तिथे शब्दांचा उपयोग नाही. ‘पगार बाजाराइतका’ हे तुम्ही कुठल्या बाजाराकडे बघून म्हणता तेही तपासा. घरून काम करणारी कोल्हापूरची मुलगी तुमची तुलना नागपूरच्या दराशी करत नाही. तिला बंगळुरूचा रिमोट पगार दिसत असतो.

त्यानंतर पहिले दोन आठवडे. तुमच्यासारख्या ठिकाणी साधारण काय होतं? सोमवारी जॉइनिंग. लॅपटॉप कुरियरनं बुधवारी पोचतो. पासवर्ड ज्याच्याकडे तो त्या दिवशी रजेवर. पहिल्या कॉलवर पंधरा जण नावं सांगतात, त्यातली तीन लक्षात राहतात. मग गुरुवारपर्यंत माणूस घरी बसून पडद्याकडे बघतो आणि आई विचारते, ‘आज सुट्टी का रे?’ घरी बसलेल्या नव्या माणसाला नोकरी खरी वाटायला लागते ती हातून पहिलं काम बाहेर गेल्यावर. म्हणून लॅपटॉप आठवडाभर आधी पोचवा आणि पोचल्याचा फोन करा. पहिल्या शुक्रवारपर्यंत एखादं बारीक पण खरं काम त्याच्या नावावर ग्राहकापर्यंत जाऊ द्या, मग ती एका बटणावरची चूक सुधारणं का असेना. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक ही कंपनी वर्षानुवर्षं ऑफिसाविना चालते. तिथे नव्या माणसाला, पद कुठलंही असो, सुरुवातीचा काही काळ ग्राहकांच्या तक्रारी सोडवायला बसवण्याची पद्धत रुजली. यात त्याला कंपनी काय विकते ते कळतं आणि मदत मागायला चार वेगवेगळ्या लोकांना गाठावं लागतं. ओळखी तिथून सुरू होतात, शुक्रवारच्या अंताक्षरीतून नाही. (ते गेम्स बंद करा. बंद कॅमेरे हेच त्यावरचं मत आहे.)

सोबतीला एक जुना माणूस द्या, पण तो नागपूरचा नको आणि त्याच्याच टीमचाही नको. अकोल्याच्या माणसाला इंदूरचा सोबती मिळाला की त्याला कळतं, नागपुराबाहेर बसूनही इथे निभतं. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं फोन, एवढंच त्याचं काम, आणि ते त्याच्या कामाच्या तासांत धरायचं.

आता अवघड भागाकडे येतो. तुमच्याकडे दोन कंपन्या आहेत. एक ऑफिसातली, दुसरी बाहेरची. दुपारी खाली टपरीवर चहाला चौघं उतरतात, किंवा सकाळी तर्री पोहे खाता खाता विषय निघतो, वर येईपर्यंत ठरून गेलेलं असतं. यात कुणाची वाईट बुद्धी नसते. पण भंडाऱ्याच्या मुलीला तिचं काम बदललंय हे तीन दिवसांनी कळतं. ‘रिमोट-फर्स्ट’ म्हणून भरती करणं आणि निर्णय टपरीवर घेणं, यातली फट कुठलीही एजन्सी रंग देऊन बुजवू शकत नाही.

चहा बंद करू नका, चालणारही नाही. नियम एवढाच: टपरीवर काहीही बोला, पण लिहून सगळ्यांसमोर ठेवेपर्यंत आणि बाहेरच्यांना बोलायला वेळ मिळेपर्यंत तो निर्णय नाही. नोंद पाच ओळींची असावी. अशी:

‘ठरवायचंय: सपोर्टची पाळी एका आठवड्याऐवजी दोन आठवड्यांची करायची. कारण: दर सोमवारी पाळी बदलताना जुनी तिकिटं मध्येच लटकतात. काय नको ठरलं: वेगळा सपोर्टचा माणूस घेणं, कारण तेवढं काम नाही. हरकत असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत इथेच खाली लिहा, शुक्रवारी पक्कं करू. परत बघू: १५ मार्चला.’

‘काय नको ठरलं’ ही ओळ लोक गाळतात आणि तीच सगळ्यात जास्त शिकवते. सहा महिन्यांनी आलेला माणूस अशा तीस नोंदी वाचेल तेव्हा ही मंडळी कशाला किंमत देतात, काय टाळतात, हे त्याला पोस्टरपेक्षा कितीतरी नीट कळेल. गिटलॅब या कंपनीनं याच वाटेनं जाऊन आपली कामाची पद्धत सांगणारं हँडबुक सगळ्या जगाला वाचायला खुलं ठेवलंय. ते उघडून बघा, पण उचलून आणू नका. हजारभराहून जास्त लोकांच्या कंपनीचं आहे ते, ४२ जणांना त्याचं ओझं होईल. तुम्हाला पंधरा-वीस पानं पुष्कळ, आणि ती नवा माणूस लिहील तेव्हाच चांगली होतील, कारण कुठे अडलं ते त्यालाच आठवतं.

त्यांची एक सवय मात्र आजच उचला: कॉलवर एक जण जरी बाहेरचा असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून बसायचं. मीटिंग रूममध्ये आठ जण एका कॅमेऱ्यासमोर बसले की बाहेरच्याला आठ बुटके चेहरे दिसतात, हसणं ऐकू येतं आणि विनोद कळत नाही. आणि तुम्ही स्वतः महिन्यातला एक अख्खा आठवडा घरून काम करा. तुम्ही ऑफिसात असाल तर सगळे तिकडेच खेचले जाणार, हे नियमानं थांबत नाही. त्या आठवड्यात तुम्हाला एखादी गोष्ट उशिरा कळली की ती का कळली नाही याचा माग काढा. तो माग तुमच्या सगळ्या सर्व्हेंपेक्षा उपयोगी पडेल.

अँबिशनबॉक्सवरच्या त्या ओळीला उत्तर द्या, पण आता नाही. नोंदींची पद्धत दोन महिने चालू दे. मग कुणी लिहिलं असेल याचा तर्क न करता, ‘फीडबॅकबद्दल धन्यवाद’ हे गुळगुळीत वाक्य न घालता, इतकंच: ‘हे बरोबर होतं. नागपूरच्या ऑफिसात निर्णय होऊन बाहेरच्यांना उशिरा कळत. जानेवारीपासून प्रत्येक निर्णय आधी लेखी येतो आणि दोन दिवस सगळ्यांसाठी खुला असतो.’ महिना तुमचा जो असेल तो घाला. आतल्या लोकांकडून पाच तारे लिहून घ्यायचा मोह होईल. एकाच आठवड्यात आलेली सहा कौतुकं उमेदवार लगेच ओळखतो, आणि तुमच्याच माणसांना तुम्ही खोटं बोलायला लावलंत हे ती माणसं विसरत नाहीत.

मोजायचं काय? ४२ जणांत टक्केवारी काढू नका. एक माणूस गेला की आकडा अडीच टक्क्यांनी हलतो आणि सगळ्यांची झोप उडते. प्रत्येक नव्या माणसाला तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी एकच प्रश्न विचारा: आम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा काय वेगळं निघालं? उत्तरं एका वहीत ठेवा. तीच गोष्ट दुसऱ्यांदा आली की जाहिरात बदला नाहीतर ती गोष्ट बदला. दुसरी खूण म्हणजे नागपुराबाहेरचा माणूस आपल्या मित्राचं नाव भरतीसाठी सुचवतो का. नागपूरवाले सुचवणारच, त्यावर जाऊ नका.

आता पेंच. भेट हवीच, पण ओळख तयार करायला नव्हे. लेखी भांडता येत नाही म्हणून हवी. दूरच्या माणसांत किरकोळ राग साचतात. ‘त्यानं माझ्या कोडवर तुसड्यासारखं लिहिलं’ असलं काहीतरी, आणि ते समोर बसून दहा मिनिटांत निवळतं. म्हणून पहिल्या भेटीला जंगल नको, नागपूरच घ्या. बाहेरच्यांना ते ऑफिस एकदा बघू दे, म्हणजे त्याचं गूढ जाईल. मे महिना अर्थातच नको. पंचेचाळीस अंशांत कुणाला ओळख पटणार? डिसेंबरात अधिवेशनामुळे हॉटेलं मिळायची मारामार. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बघा. एक दिवस पुढच्या सहा महिन्यांच्या कामाचा, एक दिवस जोड्या-जोड्यांनी अडकलेली कामं सोडवण्याचा, तिसरा जवळजवळ मोकळा. ट्रॉफ्या आणि स्टेजवरचे नाच नकोत. प्रवास कामाच्या दिवशी ठेवा, रविवार खाऊ नका, आणि लहान मूल घेऊन येणाऱ्या बाईला सोबत एक माणूस आणायचा खर्च द्या. नाहीतर जिला सगळ्यात जास्त गरज तीच येणार नाही. वर्षात मधून मधून पुण्यातले चार, कोल्हापूरचे दोन असे आपापले भेटले तर जेवणाचं बिल कंपनीनं द्यावं, रिपोर्ट मागू नये.

यातलं काही झालं की मग एजन्सीला बोलवा. तेव्हा त्यांना देण्यासाठी तुमच्या माणसांची वाक्यं असतील, तीस-चाळीस नोंदी असतील, नवी जाहिरात असेल. त्यांच्याकडून करिअरचं पान नीट मांडून घ्या, दोन-तीन माणसांच्या दिवसाचे साधे व्हिडिओ करून घ्या, त्यातला एक तरी रात्री साडेनऊच्या कॉलचा. नवी मूल्यं शोधून देण्याची ओळ त्यांच्या कोटेशनमधून काढायला सांगा. साडेसहा लाखांतली मोठी रक्कम बहुधा तिथेच असेल.